वानखेडेवर न लादलेला फॉलोऑन

प्रश्न: कसोटीत फॉलोऑन नेमका कधी देता येतो? 2021 मध्ये वानखेडेवर न्यूझीलंड 62 धावांत बाद झाली, तरी कोहलीने त्यांना पुन्हा फलंदाजी का करायला लावली नाही?

मुंबईच्या मैदानांवर मी हौशी स्कोअरर म्हणून बसतो. दोन डावांचा सामना असला की पहिल्या संघाचा डाव संपताच शीटच्या कोपऱ्यात एक आकडा लिहून ठेवायची सवय आहे: समोरच्यांनी फॉलोऑन टाळायला किती करायला हवेत? कारण तो आकडा जवळ आला की दोन्ही तंबूंतून माणसं तेच विचारायला येतात. तेव्हा त्याच सामन्याचा हिशेब मांडतो.

समोरच्यांना त्यांचा पहिला डाव संपताच पुन्हा फलंदाजीला लावायचं, म्हणजे फॉलोऑन द्यायचा, हा अधिकार फक्त आधी फलंदाजी केलेल्या संघाच्या कर्णधाराला असतो. दुसऱ्या क्रमांकावर खेळून कोणी 400 धावांची आघाडी घेतली, तरी फॉलोऑनचा प्रश्नच येत नाही, कारण आता पुढचा डाव तसाही समोरच्यांचाच आहे. दुसरी अट आघाडीची. पाच दिवसांच्या सामन्यात ती निदान 200 धावांची हवी. बरोबर 200 असली तरी चालते, आणि इथेच लोक एका धावेने चुकतात. वानखेडेवर भारताने पहिल्या डावात 325 केल्या. न्यूझीलंड 125 वर बाद झाली असती तर आघाडी 200, म्हणजे फॉलोऑन देता आला असता. 126 केल्या असत्या तर आघाडी 199, म्हणजे वाचले. थोडक्यात, पहिल्या संघाच्या धावांतून 199 वजा करायचे, तो कोपऱ्यातला आकडा. न्यूझीलंड त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचली नाही. 62 वर डाव संपला आणि आघाडी झाली 263.

सामना छोटा असेल तर अटही कमी होते. तीन किंवा चार दिवसांच्या सामन्यात 150, दोन दिवसांच्या सामन्यात 100, आणि एकाच दिवसात दोन-दोन डाव खेळायचे असतील तर 75. पावसाने पहिला दिवस पूर्ण वाया गेला, तर उरलेले दिवस मोजून अट ठरते. म्हणजे कसोटीचा पहिला दिवस धुऊन निघाला की 200 ऐवजी 150. मात्र खेळ सुरू झाला तो दिवस अख्खा मोजला जातो, मग तो कितीही उशिरा सुरू होवो. वानखेडेवर मैदान ओलं असल्याने पहिल्या दिवशी खेळ दुपारी सुरू झाला होता, पण सुरू झाला, म्हणून अट 200 चीच राहिली. आणि मधला एखादा दिवस, समजा तिसरा, पावसात गेला तर त्याने काहीही बदलत नाही.

आता कोहलीचा निर्णय. सर्वसाधारण कारण सांगतात ते गोलंदाजांच्या थकव्याचं. ते इथे फारसं लागू नव्हतं. न्यूझीलंडचा अख्खा डाव 28.1 षटकांत आटोपला होता. सिराज आणि अश्विन दोघेही ताजेतवाने होते. माझ्या मते खरी कारणं दोन. एक म्हणजे वेळ. दुसऱ्या दिवशीचाच खेळ चालू होता, पुढे तीन दिवस शिल्लक होते, घाई कसलीच नव्हती. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: शेवटचा डाव कोण खेळणार? फॉलोऑन दिला की तो स्वतःच्या गळ्यात पडतो. समजा न्यूझीलंडने दुसऱ्या डावात चिकाटीने 350 केल्या असत्या. मग भारतासमोर 88 धावांचं लक्ष्य, कागदावर किरकोळ, पण फिरत्या खेळपट्टीवर आणि समोर एजाज पटेल, ज्याने त्याच सामन्यात आपले दहाच्या दहा बळी 119 धावांत घेतले होते. मुंबईत जन्मलेल्या त्या माणसाला शेवटच्या डावात चेंडू देण्याची वेळच कशाला आणायची?

म्हणून भारताने पुन्हा फलंदाजी केली. त्या संध्याकाळी बिनबाद 69, तिसऱ्या दिवशी 7 बाद 276 वर डाव घोषित, आणि न्यूझीलंडसमोर 540 चं लक्ष्य. चौथ्या दिवशी सकाळी ते 167 वर संपले. विजय 372 धावांनी. हिशेबी डोकी म्हणतील की 62 आणि 167 मिळून 229, म्हणजे फॉलोऑन दिला असता तर भारत डावाने जिंकला असता. पण दुसऱ्या दिवशीच्या खेळपट्टीवर आणि 540 चं ओझं डोक्यावर नसताना त्यांनी 167 च केल्या असत्या, असं कोण सांगणार?

उलटं घडलं तर काय होतं, ते 2001 मध्ये ईडन गार्डन्सवर दिसलं. ऑस्ट्रेलिया 445, भारत 171, आघाडी 274. स्टीव्ह वॉने फॉलोऑन दिला. लक्ष्मणने 281 आणि द्रविडने 180 केल्या, भारताने 7 बाद 657 वर डाव सोडला. ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांना त्या एका डावात 178 षटकं टाकावी लागली, तीही आधीचा डाव संपवून लगेच. मग थकलेल्या संघाला शेवटच्या दिवशी चौथा डाव खेळावा लागला आणि ते 171 धावांनी हरले. लोक वॉला नावं ठेवतात, मला ते तितकंसं पटत नाही. 274 ची आघाडी आणि लागोपाठ सोळा कसोटी विजय पाठीशी असताना बहुतेक कर्णधारांनी तेच केलं असतं. फॉलोऑननंतर जिंकलेल्या कसोटी एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, पण ईडननंतर कर्णधार अधिक सावध झाले, एवढं खरं.

वेळ कमी असेल तेव्हा मात्र फॉलोऑन हवाच असतो. डिसेंबर 2024 मध्ये ब्रिस्बेनला पावसाने बराच खेळ खाल्ला होता. ऑस्ट्रेलिया 445, भारत 9 बाद 213, कोपऱ्यातला आकडा 246. बुमराह आणि आकाश दीप यांनी तो ओलांडला, ऑस्ट्रेलियाला पुन्हा बॅट हाती घ्यावी लागली आणि सामना अनिर्णित राहिला.

रणजीत गणित आणखी वेगळं. साखळीतले सामने चार दिवसांचे, म्हणून अट 150 ची. शिवाय निर्णायक विजयाचे 6 गुण, पण डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकलं तर 7. त्या एका गुणाच्या लोभापायी तिथला कर्णधार गोलंदाज दमलेले असतानाही फॉलोऑन देतो. कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत असा जादा गुण नाही, म्हणून 2021 मध्ये कोहलीला तो मोह असण्याचं कारणच नव्हतं.

आणखी एक, जे टीव्हीवर दिसत नाही. समोरच्यांचा डाव संपल्यावर कर्णधाराने प्रतिस्पर्धी कर्णधाराला आणि पंचांना आपला निर्णय कळवायचा असतो, आणि एकदा कळवला की तो फिरवता येत नाही. म्हणून शेवटची विकेट पडली की बरेच कर्णधार लगेच काही न बोलता आधी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन गोलंदाजांशी बोलून येतात.