चौदा धंदे आणि एक तक्ता

प्रश्न : ताई, डोक्यात धंद्याच्या चौदा कल्पना आहेत. रोज एक आवडते, दुसऱ्या दिवशी दुसरी. दोन वर्षं झाली, सुरू एकही नाही. निवडू कशी?

इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या एक बाई अशीच यादी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). वहीच्या पाठच्या पानावर सगळं लिहिलेलं : भंवरकुआच्या कोचिंगच्या मुलांना डबे, माहेश्वरी साड्या, गोडा मसाला, इथल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठीची शिकवणी, आणि असं बरंच. हाताशी साठवलेले चाळीस हजार.

मी तीन रकाने आखायला सांगितले. मेहनत, खर्च, हुरूप. प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि जास्त गुण म्हणजे नेहमी आपल्या सोयीचं. म्हणजे कमी मेहनतीला पाच, कमी खर्चाला पाच. इथे बरेच जण घोटाळा करतात. महागड्या कामाला खर्चाचे पाच देतात आणि मग बेरजेला काही अर्थच उरत नाही. गुणांचं माप आपल्याच खिशावरून ठरवायचं. बाईंच्या बाबतीत पहिली कमाई होईपर्यंत चाळीस हजारांवर खर्च जाणार असेल तर एक, पाच हजारांच्या आत भागत असेल तर पाच. मेहनतीला आठवड्याचे तास धरले : पाचाच्या आत पाच गुण, पंचविसाच्या वर एक.

पहिल्या वेळी त्यांनी एकेक धंदा घेऊन आडव्या ओळी भरल्या. साडीचं नाव काढलं की चेहरा खुलायचा आणि तिन्ही घरांत भरघोस गुण पडायचे. म्हणून दुसऱ्यांदा उभं भरायला लावलं : आधी चौदांचा फक्त खर्च, मग चौदांची मेहनत. आता साडीच्या खर्चापुढे एक आला. पंचवीस साड्यांचा माल घ्यायचा तर साठ हजारांच्या वर जात होते. डब्यांच्या मेहनतीलाही एकच, कारण सकाळ-संध्याकाळ सुट्टी नाही.

हुरूपाचा रकाना मात्र तरीही फसवा होता. चौदापैकी नऊ कल्पनांना पाच! या रकान्याचं असंच होतं, कारण आपण कामाला गुण देत नाही, नावाला देतो. मी विचारलं, "साडीच्या धंद्यातला एक कंटाळवाणा मंगळवार सांगा बघू." त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "फोटो काढायचे, भावावरून घासाघीस ऐकायची, परत आलेली साडी घडी घालून ठेवायची... ताई, मला तर साड्या हातात घेऊन बघायला आवडतं!" साडीचे पाच तीनावर आले. मसाल्याचा मंगळवार म्हणजे दगडफूल निवडणं, खोबरं-तीळ भाजणं, चक्कीवर उभं राहणं. तिथे त्यांचे चार चारच राहिले.

शेवटी चुरस दोघांत उरली. मसाला : मेहनत तीन, खर्च चार, हुरूप चार. शिकवणी : मेहनत चार, खर्च पाच, हुरूप दोन. दोन्ही अकरा. अशा वेळी मी एक रकाना दुप्पट करून बघते, आणि तो कोणता हे माणसाच्या अडचणीवरून ठरवते. यांची अडचण पैशाची नव्हती. मागे दोन कामं त्यांनी हौसेने हातात घेऊन महिन्याभरात सोडली होती. म्हणून हुरूप दुप्पट. मसाला पंधरा, शिकवणी तेरा. पैशाची ओढाताण असती तर मी खर्च दुप्पट केला असता, आणि शिकवणी सोळा विरुद्ध पंधरा अशी जिंकली असती. तक्ता आपल्याला ओळखत नाही, हे त्यातलं खरं उणं. गिऱ्हाईक मिळेल का, हेही तो सांगत नाही. ते बघायला आम्ही सहा आठवडे ठरवले, खर्चाची मर्यादा आठ हजार. खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती, पाकिटं आणि लेबलं त्या आधी खर्चात धरायलाच विसरल्या होत्या. धरूनही खर्चाचे चार टिकले.

बाकीच्या तेरा कल्पना फाडून टाकायला मी सांगितलं नाही. कागद बंद पाकिटात घालून वर सहा आठवड्यांनंतरची तारीख टाकली. एरवी रोज रात्री वही उघडली जाते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. एकदम चार किलो मसाला करून ठेवला होता, त्यातला काही खोबऱ्यामुळे खवट झाला. आता दर आठवड्याला थोडा थोडा करावा लागणार, म्हणजे मेहनतीचे तीन नाही, दोन. "मग बेरीज चौदा झाली ना?" "हो ना ताई, पण शिकवणी तेराच आहे," त्या म्हणाल्या आणि खोबरं किती भाजायचं ते विचारायला सासूबाईंना हाक मारली.