आकृतीत 7 सेमीऐवजी 4.4 सेमी आलं तर

50 आणि 30 न्यूटनची बलं, मधला कोन 60°; त्यांचं परिणामी बल आकृती काढून शोधायचं आहे. प्रमाण 1 सेमी = 10 न्यूटन घे. एकाच बिंदूतून 5 आणि 3 सेमीच्या रेघा काढ, समांतरभुज चौकोन पुरा कर आणि त्याच बिंदूतून निघणारा कर्ण मोज. तो 7 सेमी, म्हणजे परिणामी बल 70 न्यूटन. 4.4 सेमी आला, तर तू दुसरा कर्ण मोजलास. तो बलांची वजाबाकी दाखवतो.

त्रिकोण काढून, म्हणजे पहिल्या बलाच्या टोकाला दुसऱ्याची शेपूट जोडताना, हीच चूक वेगळ्या रूपात होते. 5 सेमीची रेघ टोकापुढे तुटक वाढव आणि 60° त्या वाढवलेल्या रेघेपासून मोज. त्रिकोणाच्या आतला कोन 120° व्हायला हवा. आत 60° घेतलेस की पुन्हा 4.4 सेमीच.

आता पडताळा:

R² = 50² + 30² + 2×50×30×cos 60° = 4900, म्हणून R = 70 न्यूटन.

इथे अधिक चिन्हच हवं, कारण 60° हा बलांमधला कोन आहे, त्रिकोणातला नव्हे. दिशेसाठी tan α = 30 sin 60° ÷ (50 + 30 cos 60°) ≈ 0.4, म्हणजे 50 न्यूटनच्या बलापासून सुमारे 22°.

मिलिमीटरभर फरक, म्हणजे 1 न्यूटन, पेन्सिलीच्या जाडीवर सोडून दे.