व्हिडिओवर घसा दाखवण्यापूर्वी

व्हिडिओवरील तपासणीत डॉक्टरांना तुमच्या मानेला हात लावता येत नाही आणि हलत्या चित्रात घशाचा रंगही नीट कळत नाही, म्हणून फोटो आधीच काढून ठेवावा. खिडकीपाशी उभे राहून घरातल्या कोणाकडून मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश लावून, तोंड पूर्ण उघडून ‘आ’ म्हणताना फोटो काढून घ्यावा, म्हणजे जीभ खाली जाऊन टॉन्सिल दिसतात. त्याआधी सोलकढी किंवा कोकम सरबत पिऊ नये, कारण त्याचा रंग फसवतो.

डॉक्टरांना द्यायच्या नोंदीत दुखणे कधी सुरू झाले, एकाच बाजूला आहे का, खोकला व सर्दी आहे की नाही, हे लिहावे. समजा, ताप १०१ अंश आहे, खोकला मुळीच नाही, जबड्याखालच्या गाठी दुखतात आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत. अशा वेळी डॉक्टरांना जिवाणूंचा संशय येतो, तरी खात्री घशाच्या स्वॅबनेच होते. पॅरासिटामॉल किती वाजता घेतली तेही सांगावे, अन्यथा उतरलेला ताप दिशाभूल करतो. घरात उरलेल्या अँटिबायोटिकची गोळी घेतली असेल, तर तीही लपवू नये.

स्वॅब हवा का, अँटिबायोटिक का द्यावे किंवा का देऊ नये, आणि किती दिवसांत फरक न पडल्यास प्रत्यक्ष यावे, हे विचारावे.

मात्र श्वास घ्यायला त्रास, लाळ गिळता न येणे, तोंड न उघडणे किंवा आवाज घोगरा, दबका होणे यांपैकी काही असेल, तर व्हिडिओची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा गोव्यात असल्यास थेट बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, म्हणजे गोमेकॉत जावे.