सेकंड ऑफिसरचा राजीनामा, मास्टर्सच्या अभ्यासासाठी

प्रश्न: मी सेकंड ऑफिसर, सध्या जहाजावर. ३ फेब्रुवारीला साइन ऑन केलं, सहा महिन्यांचा करार (एक महिना कमी-जास्त) ३ ऑगस्टला संपतो. मास्टर्सच्या तिकिटाचा, म्हणजे कॅप्टन होण्याच्या प्रमाणपत्राचा कोर्स १ सप्टेंबरला सुरू होतोय, म्हणून कंपनी सोडायची आहे. तीन आठवडे आधी उतरलो तर चालेल का? पत्रात काय लिहू?

उत्तर: पत्र नंतर. आधी डिस्चार्ज बुक उघडा आणि सीटाइम मोजा.

एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रमाणपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ३००० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांच्या मास्टर प्रमाणपत्रासाठी वॉचकीपिंग ऑफिसर म्हणून ३६ महिन्यांची समुद्रसेवा लागते. त्यातले निदान १२ महिने चीफ मेट म्हणून झाले असतील तर २४ महिन्यांवरही भागू शकतं, पण तुम्हाला ती सवलत नाही. तुमचं तिकीट ज्या प्रशासनाचं आहे, ते आधी चीफ मेटचं प्रमाणपत्र मागतं का, तेही पाहून घ्या. मागत असेल तर पत्रात 'मास्टर' लिहून उपयोग नाही.

समजा थर्ड ऑफिसर म्हणून तुमचे ८ महिने १० दिवस आणि ७ महिने २० दिवस झालेत, सेकंड म्हणून ८ महिने आणि ६ महिने १२ दिवस. बेरीज ३० महिने १२ दिवस. हा करार पूर्ण केलात तर ३६ महिने १२ दिवस. तीन आठवडे आधी उतरलात तर ३५ महिने २१ दिवस, म्हणजे नऊ दिवसांसाठी पुन्हा जहाज शोधायचं. सुट्टीचे दिवस यात धरता येत नाहीत, हे विसरणारे बरेच भेटतात.

लवकर उतरण्यात पैशाचाही प्रश्न आहे. एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे करार मुदतीआधी मोडायचा तर कमीत कमी सूचना सात दिवसांच्या खाली नेता येत नाही, पण तुमच्या करारात ती ३० दिवस असू शकते, आणि तीच पाळावी लागेल. करार पूर्ण झाल्यावर घरी पोहोचवण्याचा खर्च कंपनीचा. खलाशाने स्वतः मोडला, तर ते कारण 'समर्थनीय' ठरलं पाहिजे. अभ्यास त्यात बसेलच असं धरून चालू नका, नाहीतर घरी परतण्याच्या प्रवासाचा खर्च तुमच्या हिशेबातून कापला जाऊ शकतो.

म्हणून ३ ऑगस्टच धरा. खरी अडचण 'एक महिना कमी-जास्त' या शब्दांत आहे. कंपनीने तो महिना वाढवला तर तुम्ही ३ सप्टेंबरला उतराल आणि कोर्स दोन दिवस आधीच सुरू झालेला असेल. हे पत्रात तारखेसकट यायला हवं, आणि पत्र जूनमध्येच जायला हवं. क्रूइंग मॅनेजरच्या नावे, कॅप्टनमार्फत. कॅप्टनना तोंडी आधी सांगा. मेलमधून पहिल्यांदा कळलेलं कुणालाच आवडत नाही.

मजकूर साधारण असा, कंपनीच्या कामकाजाच्या भाषेत उतरवून घ्या:

> माननीय क्रूइंग मॅनेजर,
>
> मी ३ फेब्रुवारीपासून या जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. मास्टर प्रमाणपत्राच्या अभ्यासासाठी चालू करार संपल्यावर नोकरी सोडत आहे. हे पत्र करारातील कलमानुसार सूचना समजावे. माझा करार ३ ऑगस्टला संपतो आणि कोर्स १ सप्टेंबरला सुरू होतो, त्यामुळे मुदतवाढ घेता येणार नाही. ३ ते १० ऑगस्टदरम्यान सोयीच्या बंदरात रिलीव्हरची व्यवस्था व्हावी, ही विनंती. मी त्याला पूर्ण हँडओव्हर देईन. साइन ऑफच्या वेळी वॉचकीपिंगच्या तपशिलासह समुद्रसेवेचे प्रमाणपत्र मिळावे.
>
> आपला नम्र,

पगार, बढती, चीफ मेटशी बिनसलेलं काही असेल तर ते इथे नको. 'तात्काळ प्रभावाने' हे शब्दही नकोत. तुमचं पद सेफ मॅनिंगमध्ये मोजलेलं असेल, तर रिलीव्हरशिवाय जहाज बंदर सोडू शकत नाही, आणि त्या दोन शब्दांनी ऑफिस आधी भडकतं.

शेवटच्या वाक्याबद्दल थोडं, कारण तिथेच मी चुकलो होतो. एमएलसीप्रमाणे मिळणाऱ्या सेवा-नोंदीत तुमच्या कामाचा दर्जा किंवा पगार लिहायचा नसतो. परीक्षेला लागणारं टेस्टिमोनियल हा वेगळा कागद: तुम्ही वॉच सांभाळलात, किती काळ, कोणत्या जहाजावर, खाली कॅप्टनची सही आणि जहाजाचा शिक्का. मी 'नंतर मागवू' म्हणत गँगवेवरून उतरलो. कॅप्टन पुढच्याच बंदरात रजेवर गेले, ऑफिसने 'सही त्यांचीच लागेल' म्हणून मेल परत पाठवला, आणि माझा अर्ज तीन महिने अडकला. टेस्टिमोनियल आठवडाभर आधी टाइप करून कॅप्टनपुढे ठेवा. तारखा डिस्चार्ज बुकाशी दिवसागणिक जुळवून मगच सही घ्या.