लॅपटॉपच्या चार्जरची पिन हलत असेल तर आधी हे बघ

पिन हलली की चार्जिंग जातं, वाकडी धरली की येतं. आधी दुसरा, त्याच रेटिंगचा चार्जर लावून बघ. तोही हलत असेल तर दोष जॅकमध्येच, म्हणजे लॅपटॉपला पिन जिथे बसते त्या खाचेत. मग पुठ्ठा लावून, रबर बांधून दिवस काढू नकोस, मनापासून सांगतो.

जॅकच्या आतल्या पत्तीचा ताण गेला की ती पिनेला जेमतेम टेकते. तिथे अर्धा ओहम रोध आणि तीन अँपिअर करंट धरला, तरी साडेचार वॅट उष्णता त्या टिचभर जागेत साचते. पिन काढून लगेच बोट लावून बघ, चटका बसेल.

गेल्या उन्हाळ्यात जुळे सोलापूरच्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप माझ्याकडे आला. दोन महिने त्याने तसाच चालवला होता. जॅकचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं आणि बोर्डावरचा पॉझिटिव्ह पॅड, म्हणजे जॅक जिथे सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका, उचललेला. नुसता जॅक बदलून भागलं असतं, तिथे जाड वायरीचा जंपर टाकावा लागला.

मागचं झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढ. जॅक वायरीवर असेल तर सोल्डरिंग लागतच नाही, जुळणारा जॅक सोलापूरच्या नव्या पेठेत शोध. बोर्डावर असेल तर फ्लक्स लावून जुन्या सांध्यात ताजं सोल्डर मिसळ, मग विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीपट्टीने, ते ओढून घे. ग्राउंडची पिन उष्णता पिते, तिला वेळ दे. जॅक आपसूक सुटला पाहिजे. ओढलास तर पॅड सोबत येतो. पहिलं काम जुन्या, मेलेल्या बोर्डावर कर.