पाणी पाजल्याने जुलाब वाढत नाहीत

प्रश्न: कॉलरात एवढे पाण्यासारखे जुलाब का होतात? आणि औषध द्यायचं सोडून सगळे सलाईन, ओआरएसच्याच मागे का लागतात?

माझ्या वडिलांना कॉलरा झाला तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत गावी आलेले. रात्री दोनपासून सुरू झालं, पहाटेपर्यंत तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी नुसतं वाहत होतं. मी साखर-मिठाचं पाणी पाजायला घेतलं तर थोरल्या काकांनी हातातला तांब्याच काढून घेतला. म्हणाले, खालून एवढं पाणी जातंय आणि तू वरून आणखी ओततेस? घरात त्यांच्यापुढे कोण बोलणार.

पण ते पाणी पिण्यातलं नसतंच हो, रक्तातलं असतं. या जंतूचं विष आतड्याच्या पेशीत शिरून तिथला एक स्विच चालूच अडकवून ठेवतं, त्याने सायक्लिक एएमपी नावाचा पेशीतला निरोप्या रेणू भरमसाट वाढतो, क्लोराईड बाहेर सोडणारी दारं सताड उघडी राहतात, क्लोराईडमागे सोडियम जातं आणि त्या मिठामागे पाणी. मोठ्या माणसाचं तासाला लिटरभरसुद्धा जाऊ शकतं. माणूस मरतो तो रक्तातलं पाणी आटल्यामुळे.

आणि आतड्याची भिंत शाबूत असते, साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारं दार हे विष बंद करू शकत नाही. म्हणून नुसतं पाणी नाही, नुसतं मीठ नाही, दोन्ही साखरेबरोबर. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिसांनी हेच पाणी ड्रममध्ये कालवून पाजलं, शेकडा ३०च्या आसपास असलेले मृत्यू ४च्या खाली आले.

सकाळी सातला बाबांचे डोळे खोल गेले होते, आवाज बसलेला, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची, मनगटाची नाडी लागेना. या अवस्थेत तोंडाने भागत नाही. जीपने तालुक्याला नेलं. वजन ६० किलो, म्हणजे किलोला १०० मिलीच्या हिशोबाने ६ लिटर आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन, त्यातलं १८०० मिली पहिल्या अर्ध्या तासात, उरलेलं अडीच तासात. दोन्ही हातांना बाटल्या. अर्ध्या तासात नाडी लागली, दुपारी बाबांनी स्वतःच्या हाताने ओआरएसचा ग्लास धरला.

जुलाब मात्र लगेच थांबले नाहीत, काका तेच दाखवत होते. ओआरएस जुलाब थांबवतच नाही, गेलेलं भरून काढतं, त्यामुळे प्रत्येक जुलाबामागे पुन्हा पाजायचं. डॉक्सीसायक्लिन या जंतू मारणाऱ्या गोळीने जुलाबाचे दिवस कमी होतात, ती जरूर द्यावी, पण आधी पाणी. हां, वर्षाच्या आतल्या बाळाला आरएल एवढ्या वेगाने देत नाहीत, तेवढंच सहा तासांत देतात.

काका आजही म्हणतात की तो बरा झाला तो गोळीने. गोळी बाबांनी घेतली संध्याकाळी, ओकाऱ्या थांबल्यावर. नाडी सकाळीच आली होती.