उगवताना चंद्र एवढा मोठा का दिसतो? वर गेल्यावर तो खरंच लहान होतो का?

लहान होत नाही. उलट डोक्यावर आलेला चंद्र किंचित मोठाच भरतो. चंद्र उगवतो तेव्हा आपण पृथ्वीच्या कडेवरून त्याच्याकडे पाहत असतो आणि तो माथ्यावर येईपर्यंत पृथ्वीच्या फिरण्याने आपण तिच्या त्रिज्येएवढे, म्हणजे जवळजवळ ६,४०० किलोमीटर, त्याच्या जवळ सरकलेलो असतो. पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटरच्या अंतरात हा फरक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येतो.

आमचे थोरले भाऊजी मात्र वर्षानुवर्षे सांगत आले, की क्षितिजाजवळची दाट हवा भिंगासारखी काम करते. त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले असल्यामुळे घरात कोणी त्यांचा शब्द खाली पडू देत नसे. शेवटी एका कोजागिरीला सोलापूरच्या गच्चीवर मी तिपाईवर कॅमेरा लावला, ३०० मिलिमीटरवर झूमची कडी चिकटपट्टीने घट्ट केली आणि एक फोटो चंद्र उगवताच, तर दुसरा मध्यरात्री, दूध आटून झाल्यावर काढला. सकाळी संगणकावर मोजले, तेव्हा उगवत्या चंद्राची रुंदी ६९० पिक्सेल आणि माथ्यावरच्या चंद्राची ७०२ भरली. उगवत्या चंद्राची उंची तर जेमतेम ६१० होती. भाऊजी म्हणाले, “तुझ्या कॅमेऱ्यातच खोट आहे.”

वास्तविक ती उंची त्यांच्या सिद्धान्ताच्या मुळावरच येते. हवेमुळे प्रकाश वाकतो हे खरे, पण चंद्राच्या खालच्या कडेचा प्रकाश वरच्या कडेपेक्षा जास्त वाकतो, त्यामुळे खालची कड अधिक उचलली जाते आणि चंद्र चेपलेला दिसतो. म्हणजे हवा त्याला फुगवत नाही, दाबते.

मग तो मोठा का वाटतो? मनाला आकाश घुमटापेक्षा पालथ्या परातीसारखे, कडेला दूर आणि मध्ये जवळ वाटते. त्यामुळे डोळ्यात तेवढीच प्रतिमा पडली तरी दूरची वस्तू मोठी असणार, असा हिशेब मन करते. कॉफमन आणि रॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये याच दिशेने प्रयोग मांडले. मला हे स्पष्टीकरण अर्धेच पटते, कारण उगवता चंद्र जवळ वाटतो की दूर, असे विचारल्यास बहुतेक लोक “जवळ” म्हणतात.

तुमच्या घरी कोणी भिंगाची बाजू लावून धरत असेल, तर वाद न घालता कागदाची सुरळी द्या आणि तिच्यातून एका डोळ्याने, आजूबाजूची झाडे-घरे झाकून, चंद्र पाहायला सांगा. तो तेवढ्यापुरता लहान वाटू लागतो. फोटो काढणार असाल, तर एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: त्या पाच-सहा तासांत चंद्र स्वतःच्या कक्षेतही थोडा जवळ किंवा दूर जातो, त्यामुळे तुमचा आकडा पावणेदोन टक्क्यांच्या जरा अलीकडे-पलीकडे येईल. आणि मोजायची ती आडवी रुंदीच, कारण उभी उंची मोजलीत तर वर गेलेला चंद्र भलताच वाढलेला दिसेल आणि भाऊजींसारखी माणसे लगेच कॅमेऱ्याला नावे ठेवतील.